धागा: जर्मनचा पहिला वर्ग, घड्याळ शब्दांत लिहिणे, आणि ‘साडेतीन’ची अडचण

सायली_कोथरूड | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी शनिवार-रविवार जर्मनचा अगदी पहिल्या पातळीचा वर्ग घेते. चौदा जण आहेत, दोघे सोडले तर सगळे मराठी बोलणारे. निम्मे नर्सिंगवाले, बाडेन-व्युर्टेंबर्गला जायची तयारी करताहेत. आकडे, तारखा आणि वेळ शब्दांत लिहायचा सराव मी स्वतः तयार करते, कारण छापील पुस्तकातला सराव दोन पानांत संपतो आणि मुलांचा हात काही बसत नाही.

आजच्या कागदावर दहा वेळा दिल्या होत्या आणि वर एवढंच लिहिलं होतं, ‘शब्दांत लिहा’. तिसरा प्रश्न ३:३०. चौदांपैकी अकरा वह्यांत ‘हाल्प द्राय’. म्हणजे साडेतीन लिहायचे तिथे अडीच लिहून बसले. एका मुलीच्या वहीत तर आधी बरोबर उत्तर, ‘हाल्प फिअर’, लिहिलेलं होतं. ते खोडून तिने बाजूला मराठीत ‘साडे = हाल्प, तीन = द्राय’ असं मांडलं होतं आणि मग चुकीचं उत्तर ठळक करून लिहिलं होतं. ती वही बघून मला वाईट वाटलं, कारण मुलगी विचार करत होती आणि विचारानेच चुकली.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. पाचवा प्रश्न १४:४५. माझ्या उत्तरपत्रिकेत ‘फिर्टल फोर द्राय’ होतं. एकाने ‘फिर्त्सेन ऊर फ्युन्फ-उंट-फिर्त्सिश’ लिहिलं आणि मी त्यावर लाल फुली मारली. घरी येताना लक्षात आलं, त्याचं शंभर टक्के बरोबर आहे. उद्या त्याची माफी मागणार आहेच.

तर विचारायचं हे, की साडेतीनचा हा गोंधळ मुळातून कसा सोडवायचा, आणि सरावाचा कागद कसा आखायचा म्हणजे बरोबर उत्तराला फुली बसणार नाही?

(जर्मन शब्द इथे देवनागरीत लिहितेय. मधल्या रेघा वाचायला सोपं जावं म्हणून. वहीत तो आकडा एकसलग एकच शब्द असतो.)

---

निनाद७७ | शनिवार, रात्री १०:०५

ताई, सोपा उपाय सांगतो. ‘हाल्प’ शिकवूच नका. ते बोलीभाषेतलं आहे. जर्मनीत सगळं चोवीस तासांच्या घड्याळावर चालतं. रेल्वे, बस, टीव्हीच्या बातम्या, सगळीकडे आधी तास, मग ‘ऊर’, मग मिनिटं. ३:३० म्हणजे ‘द्राय ऊर द्रायसिश’, दुपारचे असतील तर ‘फ्युन्फत्सेन ऊर द्रायसिश’. शून्य ते एकोणसाठ आकडे आले की घड्याळ आलं. मी असंच शिकलो आणि पास झालो.

---

पक्या_स्टुटगार्ट | शनिवार, रात्री १०:५० (इथे संध्याकाळ)

निनाद, स्टेशनवरच्या घोषणेपुरतं तुझं बरोबर आहे. पण दवाखान्यात फोन केलास की पलीकडची बाई ‘हाल्प फिअर’च म्हणणार. शेजारी, वॉर्डातली सिस्टर, मुलाच्या शाळेतली बाई, सगळे तेच बोलतात. नर्सिंगच्या मुलींना ड्यूटीची वेळ तोंडीच सांगितली जाते. चोवीस तासांचं घड्याळ बोलायला पुरेल, ऐकायला पुरणार नाही.

आणि सायलीताई, तुमच्या मुली बाडेन-व्युर्टेंबर्गला येणार असतील तर आणखी एक तयारी करून घ्या. इथे स्वाबियन लोक ‘फिर्टल फोर’ म्हणतीलच असं नाही. पहिल्याच महिन्यात मला घरमालकाने सांगितलं, उद्या ‘द्राय फिर्टल आख्ट’ला चावी घ्यायला ये. द्राय फिर्टल म्हणजे तीन चतुर्थांश, आख्ट म्हणजे आठ. मी हिशोब केला, आठ आणि वर तीन चतुर्थांश, म्हणजे पावणेनऊ. गेलो पावणेनऊला. तो पावणेआठपासून माझी वाट बघून कामावर निघून गेला होता. दिवसभर बॅगा घेऊन बाहेर.

इथे ‘द्राय फिर्टल आख्ट’ म्हणजे ७:४५. आणि ‘फिर्टल आख्ट’, मध्ये फोर नाही, नाख नाही, म्हणजे ७:१५. पूर्वेकडे, सॅक्सनी-थुरिंगियातही असंच बोलतात. उत्तरेकडच्या माणसाला मात्र हे कळत नाही, तो ‘फिर्टल नाख झीबन’ म्हणतो.

---

केशव_मास्तर | रविवार, सकाळी ६:१५

सायली, मला जर्मन येत नाही. चाळीस वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं. पण तुमची चर्चा वाचून झोप उडाली, कारण तुझ्या त्या ‘हाल्प फिअर’ला मराठीत सख्खं भावंड आहे आणि ते आपण विसरलो आहोत.

लहानपणी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करायचो. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ‘औट’ हा शब्द आला संस्कृत ‘अर्धचतुर्थ’ यावरून. अर्धा चौथा. तीन पूर्ण झाले आहेत आणि चौथ्यातला अर्धाच झाला आहे. आता तुझं ‘हाल्प फिअर’ बघ. हाल्प म्हणजे अर्धा, फिअर म्हणजे चार. शब्दाला शब्द तेच! आपण ‘औटघटकेचं राज्य’ म्हणतो ना, त्यातला औट हाच.

‘अडीच’ही तसाच, ‘अर्धतृतीय’वरून. अर्धा तिसरा. ‘साडे’ मात्र ‘सार्ध’वरून, म्हणजे अर्ध्यासकट. साडेतीन म्हणजे अर्ध्यासकट तीन. ही दुसरी रीत, मागे बघून मोजायची. मराठीने दीड-अडीचला जुनी रीत ठेवली आणि साडेतीनपासून पुढे नवी घेतली. औट तेवढा मागे पडला.

मुलांना सांग, घड्याळाची वेळ सांगताना जर्मन माणूस औटच्या रीतीने मोजतो. तिथे त्याच्याकडे साडे नाहीच.

---

सायली_कोथरूड | रविवार, सकाळी ७:३०

मास्तर, वाचून अंगावर काटा आला. आठ वर्षं शिकवतेय आणि दरवेळी ‘हे असंच असतं, पाठ करा’ म्हणत आले. वर्ग दहाला आहे, आजच फळ्यावर ‘औट’ लिहिते.

पक्या, चावीचा किस्सा वर्गात सांगू ना? नाव न घेता.

---

पक्या_स्टुटगार्ट | रविवार, दुपारी १२:१०

सांगा की. आणि मास्तरांचं वाचून माझीही ट्यूब पेटली. ‘द्राय फिर्टल आख्ट’ म्हणजे सरळ आपलं पावणेआठ आहे! आणि आपण पाऊण वाजला म्हणतो तेव्हा घड्याळात १२:४५ असतात. एकातला पाऊण भाग झाला. इथे त्याच वेळेला ‘द्राय फिर्टल आइन्स’ म्हणतात, एकाचा पाऊण. मी मराठीत विचार केला असता तर वेळेवर पोचलो असतो. मी इंग्रजीतून हिशोब करत होतो.

---

मीनल_ठाणे | रविवार, दुपारी १:००

आकडे अक्षरी लिहायचं चाललंय म्हणून विचारते. बँकेच्या चेकवर ‘अक्षरी रुपये’ लिहिताना पंधराशे लिहावं की एक हजार पाचशे? आमच्या सासऱ्यांचा आग्रह पंधराशेचा.

---

निनाद७७ | रविवार, दुपारी १:२०

मीनलताई, इथे जर्मनच्या सरावाचं चाललंय. पण तुमचा प्रश्न जर्मनमध्येही जसाच्या तसा येतो. रक्कम असेल तर १९९० म्हणजे ‘आइन-ताउझंट-नॉइन-हुंडर्ट-नॉइन्त्सिश’, एक हजार नऊशे नव्वद. तोच आकडा साल असेल तर ‘नॉइन्त्सेन-हुंडर्ट-नॉइन्त्सिश’, एकोणीसशे नव्वद. सालाला हजार म्हणायचं नाही. दोन हजारपासून पुढे पुन्हा हजार, ‘त्स्वाय-ताउझंट’. मराठीत आपण असंच बोलतो, त्यामुळे हे फुकटात येतं.

फक्त आकड्यांतली चिन्हं उलटी आहेत एवढं बघा. हजारानंतर टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. १.५०० युरो म्हणजे दीड हजार, दीड युरो नाही.

---

रेवा_एम | रविवार, दुपारी ३:४५

मी शिकणाऱ्यांच्या बाजूने बोलते. सध्या पहिली पातळी करतेय, सायलीताईंच्या वर्गात नाही, दुसरीकडे. मला खरंच कळत नाही की वेळ अक्षरांत लिहून घेतात कशाला. परीक्षेच्या लेखी भागात फॉर्म भरायचा आणि तीसेक शब्दांचं छोटं पत्र लिहायचं. दोन्हीकडे आकड्यांत लिहिलं तर चालतं. जर्मन लोकही पत्रात वेळ आकड्यांतच लिहितात. मग ‘फ्युन्फ-उंट-फिर्त्सिश’ला अक्षर चुकलं म्हणून अर्धा गुण कापतात ते कशासाठी?

---

सायली_कोथरूड | रविवार, दुपारी ४:३०

रेवा, प्रश्न रास्त आहे. लिहिताना आकडे चालतात हे खरंच. पण ऐकण्याच्या परीक्षेत किंमत, फलाट, फोन नंबर, वेळ हेच विचारतात, आणि तिथे शब्द कानावर पडतो, आकडा नाही. मी लिहून घेते ते कान तयार व्हावा म्हणून. ‘झीबन-उंट-फिर्त्सिश’ पाच वेळा लिहिलं की सात आधी आणि चाळीस नंतर हे हाताला कळतं.

एक प्रयोग सांगते. मागच्या बॅचला मी ४७ आणि ७४ अशा जोड्या बोलून आकड्यांत लिहायला दिल्या. इंग्रजी माध्यमातली मुलं ‘झीबन’ ऐकल्याऐकल्या ७ लिहून मोकळी व्हायची आणि मग त्याच्या डावीकडे जागा शोधत बसायची. घाई झाली की ७४. मराठी शाळेत शिकलेली मुलं थांबायची. ‘सत्तेचाळीस’ पूर्ण ऐकल्याशिवाय पेन टेकवायचं नाही ही त्यांना सवयच असते, कारण आपल्याकडेही सात आधी, चाळीस नंतर.

स्पेलिंगसाठी गुण कापावेत का, यावर मात्र माझं मत अजून पक्कं नाही. सोळातला एक एस गळतो, सतरातला ‘एन’ गळतो, तीसला त्सेट नसून वेगळंच अक्षर येतं. या तीन जागा मी तपासते. बाकी सोडून देते.

---

रेवा_एम | रविवार, संध्याकाळी ५:०५

ऐकण्यासाठी म्हणालात तर पटलं. पण मग बोलून आकड्यांत लिहायला द्या ना, आकडे देऊन शब्दांत का? कान तर पहिल्या प्रकारात तयार होतो.

---

भूषण_नाशिक | रविवार, संध्याकाळी ५:४०

या सगळ्या कटकटीवर जर्मनीने उपाय काढलाय. तिथे आता ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजे वीस-एक, असंच शिकवतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन आणलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. जर्मनांनी गुपचूप बदलून टाकलं.

---

पक्या_स्टुटगार्ट | रविवार, संध्याकाळी ६:३०

भूषण, बदललेलं नाही. माझा मुलगा इथे दुसरीत आहे, ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’च शिकतो. तू म्हणतोस ती एका संस्थेची मागणी आहे. तिचं नावच ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, २००४ मध्ये बोखुमच्या एका गणिताच्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने सुरू झाली. त्यांचं म्हणणं, जुनी रीत राहू दे, पण जोडीला ही पण शाळेत शिकवा. सरकारने स्वीकारलेलं नाही. खरोखर बदल केला तो नॉर्वेने, १९५१ मध्ये. तिथेही म्हातारी माणसं कित्येक वर्षं जुन्याच रीतीने मोजत राहिली.

तुमच्या मुलांना इथे येऊन ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’ म्हणायला शिकवू नका. लोक समजून घेतील, पण समोरचा उत्तर जुन्याच रीतीने देईल.

---

भूषण_नाशिक | रविवार, संध्याकाळी ६:४५

बरं, म्हणजे मी अर्धंच वाचलं होतं. धन्यवाद.

---

सायली_कोथरूड | रविवार, रात्री ९:१५

आजच्या वर्गाचं सांगते, सविस्तर, कारण तुमच्यामुळेच झालं.

फळ्यावर एक रेघ काढली, तीनपासून चारपर्यंत. मधोमध खूण. विचारलं, इथे उभं राहून तीनकडे बघितलं तर काय म्हणाल? साडेतीन. आता तोंड चारकडे करा. चौथ्यातलं किती झालं? अर्धं. म्हणजे अर्धा चौथा. ‘औट’ शब्द लिहिला, एकाने लगेच ‘औटघटकेचा राजा!’ म्हटलं. मग त्याखाली ‘हाल्प फिअर’. जर्मन माणूस नेहमी येणाऱ्या तासाकडे तोंड करून उभा असतो, एवढंच सांगितलं.

मग दुसरी अडचण पुढे आली, जी माझ्या ध्यानातच नव्हती. ‘हाल्प’चा पाठ पक्का झाल्यावर मी वाक्य दिलं, ‘मी साडेतीन तास काम करते.’ सात जणांनी तिथेही ‘हाल्प फिअर’ लिहिलं. तिथे हवं ‘द्राय-आइन-हाल्प श्टुंडन’, तीन आणि अर्धा. घड्याळातली वेळ असेल तर पुढच्या तासाकडे बघायचं, किती वेळ लागला हे सांगायचं असेल तर सरळ मोजायचं. मराठीत साडेतीन वाजता आणि साडेतीन तास, दोन्हीकडे एकच शब्द. खरी मेख इथे आहे. दीड वाजता म्हणजे ‘हाल्प त्स्वाय’, आणि दीड तास म्हणजे ‘आंडर्टहाल्प श्टुंडन’ किंवा ‘आइन-आइन-हाल्प श्टुंडन’.

म्हणून आता एक नियम केला. आधी वाक्याचं मराठी करा आणि आकड्याच्या पुढचा शब्द बघा. ‘वाजता’ आला तर ‘उम’ लावा आणि पुढचा तास घ्या. ‘तास’ आला तर ‘श्टुंडन’ लावा आणि मोजा. वाजता आणि तास यांत आपण कधीच घोळ करत नाही, त्याचा फायदा.

---

केशव_मास्तर | रविवार, रात्री ९:४०

उत्तम. ‘आंडर्ट’चा अर्थ काय गं?

---

सायली_कोथरूड | रविवार, रात्री ९:५०

‘आंडर’ म्हणजे आता ‘दुसरा’ या अर्थाने ‘वेगळा’. पण जुन्या जर्मनमध्ये क्रमाने दुसरा असा अर्थ होता. म्हणजे मास्तर... आंडर्टहाल्प म्हणजे ‘दुसरा अर्धा’. एक पूर्ण आणि दुसऱ्यातला अर्धा!

---

केशव_मास्तर | रविवार, रात्री ९:५५

म्हणजे अडीच आणि औटचीच पंगत. मला उद्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हे सांगितलंच पाहिजे.

---

सायली_कोथरूड | रविवार, रात्री १०:२०

आता नवा कागद. पाच ओळी टाकते, चुका काढा. प्रत्येक वेळेला दोन रकाने. डावीकडे मथळा ‘फलकावर’, उजवीकडे ‘मैत्रिणीला’. कुठल्या तऱ्हेने लिहायचं हे प्रश्नातच ठरलं की उत्तराला फुली बसायचा प्रश्न येत नाही.

१५:३०. फलकावर ‘फ्युन्फत्सेन ऊर द्रायसिश’. मैत्रिणीला ‘हाल्प फिअर’.

१४:४५. फलकावर ‘फिर्त्सेन ऊर फ्युन्फ-उंट-फिर्त्सिश’. मैत्रिणीला ‘फिर्टल फोर द्राय’. ‘द्राय फिर्टल द्राय’ लिहिलं तरी पूर्ण गुण, पक्याच्या चावीखातर.

१२:३०. फलकावर ‘त्स्व्योल्फ ऊर द्रायसिश’. मैत्रिणीला ‘हाल्प आइन्स’. ही ओळ मुद्दाम ठेवली, कारण साडेबारा लिहिताना पुढचा तास तेरा धरून ‘हाल्प द्रायत्सेन’ लिहिणारे निघतात. बोलण्यात बारापुढे मोजायचंच नाही.

१३:००. फलकावर ‘द्रायत्सेन ऊर’. मैत्रिणीला ‘आइन्स’ किंवा ‘आइन ऊर’. ऊर आला की आइन्समधला शेवटचा एस गळतो. ‘आइन्स ऊर’ चूक. ‘आइनं ऊर’ लिहिलं तर ते ‘एक घड्याळ’ होतं, वेळ नाही.

१४:२५. फलकावर ‘फिर्त्सेन ऊर फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश’. मैत्रिणीला ‘फ्युन्फ फोर हाल्प द्राय’, अडीचला पाच कमी.

---

निनाद७७ | रविवार, रात्री १०:४०

शेवटची ओळ पहिल्या पातळीला जड आहे. काढून टाका.

---

पक्या_स्टुटगार्ट | रविवार, रात्री ११:००

ठेवा हो. इथे रोज ऐकू येतं. लिहिता नाही आलं तरी चालेल, पण एकदा डोळ्यांखालून जाऊ दे.

दोन रकान्यांची कल्पना चांगली. फक्त एक सूचना वर लिहा, की मैत्रिणीच्या रकान्यात हाल्प किंवा फिर्टल आलं तर ‘ऊर’ लावायचं नाही. ‘हाल्प फिअर ऊर’ असं आमच्या कंपनीत नवीन आलेले सगळे भारतीय म्हणतात.

---

तन्वी_सातारा | सोमवार, सकाळी ८:२०

मी सायलीताईंच्या वर्गात आहे. खोडलेली वही माझीच. :) आता पाठ झालं.

मला तारखेचं विचारायचंय. मी ‘आम द्राय ऑक्टोबर’ लिहिलं आणि ताईंनी गोल केला. ३ म्हणजे द्राय ना? आपण तीन ऑक्टोबर म्हणतोच की. आणि दुसरं, २९ मी दरवेळी ‘नॉइन-उंट-द्रायसिश’ लिहिते. का ते कळत नाही.

---

केशव_मास्तर | सोमवार, सकाळी ९:००

दुसऱ्याचं कारण मी सांगतो बेटा. तुझ्या मनात एकोणतीस येतं. एकोणतीस म्हणजे ‘एक ऊन तीस’, तीसला एक कमी. तीस हा शब्द तुझ्या कानात वाजतो आणि हात तीसच लिहितो. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, थेट एकोणनव्वदपर्यंत हा धोका आहे. अपवाद फक्त नव्याण्णव. एकोणीसचंही मूळ तेच, पण तुमच्या जर्मनमध्ये १९ला वेगळा शब्द असल्याने तिथे तू चुकत नसशील.

---

सायली_कोथरूड | सोमवार, सकाळी ११:३०

तन्वी, मास्तर म्हणतात तसंच. नऊवर संपणारा आकडा आला की मराठी नाव मनात आणू नकोस. आकडा लिही, डावीकडच्या अंकावर बोट ठेव. २९मध्ये बोटाखाली २ आहे, म्हणजे त्स्वान्त्सिश. बाकी आकड्यांना मराठीचा आधार घे, नवाला घेऊ नकोस.

तारखेचं असं, की कागदावर ‘३. ऑक्टोबर’ होतं. तीननंतर टिंब बघितलंस? ते वाक्य संपल्याचं नाही. जर्मनमध्ये आकड्यामागे टिंब म्हणजे ‘तिसरा’. म्हणून ‘डेअर द्रिटं ऑक्टोबर’, तिसरा ऑक्टोबर. आणि ‘३ तारखेला’ असं म्हणायचं असेल तर ‘आम द्रिटन ऑक्टोबर’. तू लिहितानाही टिंब गाळतेस, तिथेही मी गोल करते.

---

केशव_मास्तर | सोमवार, दुपारी १२:१५

म्हणजे ते तिथीसारखं मोजतात. आपण ‘गणेश चार’ म्हणत नाही, चतुर्थी म्हणतो. आणि ‘चतुर्थीला’, ‘तृतीयेला’ म्हणताना शब्दाचं रूप बदलतं, तसाच तुझ्या द्रिटंचा द्रिटन होत असेल.

---

सायली_कोथरूड | सोमवार, दुपारी १२:४०

तंतोतंत. एकोणीसपर्यंत ‘ट’ लागतो, विसापासून ‘स्ट’. पहिला, तिसरा, सातवा आणि आठवा जरा वेगळे: एर्स्टं, द्रिटं, झीप्टं, आख्टं. एवढे चार पाठ केले की बाकीचे एकाच साच्यातले.

आणि तन्वी, ३ ऑक्टोबर मुद्दाम दिला होता. दोन्ही जर्मनी एक झाल्या तो दिवस, सरकारी सुट्टी असते. पूर्ण वाक्य लिहून आण: ‘आम द्रिटन ऑक्टोबर नॉइन्त्सेन-हुंडर्ट-नॉइन्त्सिश’. सालाआधी इंग्रजीसारखं ‘इन’ घालू नकोस. एक तर नुसतं साल, नाहीतर ‘इम यार’ आणि मग साल.

---

रेवा_एम | सोमवार, संध्याकाळी ७:१०

ताई, माझा प्रश्न राहिला. आकडे देऊन शब्दांत लिहायचं, की बोलून आकड्यांत?

---

सायली_कोथरूड | सोमवार, रात्री ९:००

विसरले नाही. पुढच्या शनिवारी वर्गाचे दोन गट करते. एक गट आठवडाभर तुझ्या पद्धतीने ऐकून आकडे लिहील, दुसरा माझ्या कागदावर शब्द लिहील. त्यानंतर दोघांनाही वीस वेळा बोलून दाखवते, निम्म्या फलकावरच्या, निम्म्या मैत्रिणीच्या. चौदा जणांवरून नियम करता येत नाही हे कबूल, पण मला कागद ठरवायला तेवढं पुरेल. निकाल इथेच टाकते.

---

पक्या_स्टुटगार्ट | सोमवार, रात्री ९:३०

आवाज हवा असेल तर मी वीस वेळा रेकॉर्ड करून पाठवतो. शेजारच्या आजींनाही विचारतो, त्या अस्सल स्वाबियन आहेत. पाच वेळा ‘द्राय फिर्टल’च्या घालू का?

---

सायली_कोथरूड | सोमवार, रात्री ९:३५

घाल. आणि त्यात १२:४५ नक्की असू दे.